सहा बादल्या आणि एकच नंबर

आमचं दुकान बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिंधुदुर्गात. बोटीचं हार्डवेअर, दोरखंड, बेल्ट, फिल्टर आणि ऑइल. वर्षभर धंदा बरा चालतो पण खरा धंदा म्हणजे जुलैचे शेवटचे दहा दिवस. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढून झाप घालून ठेवलेल्या असतात, आणि 1 ऑगस्ट जवळ आला की सगळ्यांना एकदमच जाग येते. सहा सिलिंडरच्या इंजिनाला एका वेळी पंधरा-वीस लिटर ऑइल लागतं, म्हणजे एका बोटीला एक बादली धरूनच चालायचं. त्या आठवड्यात बादली शिल्लक नाही म्हटलं की गिऱ्हाईक बाजूच्या दुकानात जातं आणि मग वर्षभर तिकडेच जातं.

गेल्या वर्षी नेमका त्याच आठवड्यात एक टेम्पो फोंडा घाटातून खाली आला. मी बँकेत होतो, काउंटरवर पुतण्या. टेम्पोबरोबर एक पोरगा, बोलायला गोड, कंपनीचं टीशर्ट घातलेला (टीशर्ट कुठेही मिळतं हे मला नंतर सुचलं). पंधरा डब्ल्यू चाळीस ग्रेडचं ऑइल, वीस लिटरची बादली, आमच्याकडे सर्वात जास्त खपणारा ब्रँड, आणि रेट आमच्या डिस्ट्रिब्युटरपेक्षा बादलीमागे सातशे रुपये कमी. मी येईपर्यंत सहा बादल्या उतरवून पण झाल्या होत्या. बिल मागितलं तर म्हणाला बिल मागून पाठवतो, आता चलन घ्या, पैसे पंधरा दिवसांनी दिले तरी चालतील.

आता खरं सांगतो, मला मोह झाला. स्वस्त म्हणजे डुप्लिकेटच असं नसतं हे धंद्यातल्या माणसाला माहीत असतं. दुसऱ्या जिल्ह्यातला कोणी डिस्ट्रिब्युटर टार्गेट पूर्ण करायला मोठी स्कीम उचलतो आणि जास्तीचा माल आपल्या एरियाबाहेर कमी मार्जिनवर सोडतो, तो माल अस्सलच असतो. मी मनाची समजूत तशीच घातली. पोराला म्हटलं सहा राहू देत, बाकीचं उद्या सांगतो.

संध्याकाळी बाजारातल्या व्यापारी संघटनेची मीटिंग होती. विषय गणपतीच्या दिवसांत रस्त्यावर बसणारे बाहेरचे स्टॉल. हॉलमध्ये तीसेक माणसं, बाहेर धो धो पाऊस, आणि सुरुवातीलाच लाईट गेली. आमचे अध्यक्ष, सगळे त्यांना भाऊच म्हणतात, किराणा आणि ऑइल दोन्ही विकतात, वय सत्तरच्या पुढे. चहा येईपर्यंत ते उठले आणि पोऱ्याला म्हणाले, "त्यो दोन बादल्यो हाड रे." टेबलावर दोन बादल्या आल्या, मोबाईलची टॉर्च त्यांच्यावर. एक मी सकाळी उतरवून घेतलेल्या ब्रँडचीच. माझ्या पोटात गोळा आला.

भाषण म्हणायला चार-पाच मिनिटांचंच असेल. मला जमेल तसं लिहितो.

भाऊ म्हणाले, "ही एक माझ्या दुकानातली, आपल्या डिस्ट्रिब्युटरची. ही दुसरी आज टेम्पोवाल्यान दिल्यान. आता सांगा खरी खयची?" दोघातिघांनी उचलून बघितलं. एकाने ऑइल बोटावर घेऊन चोळून बघितलं, वास घेतला, आणि टेम्पोवाल्याची बादली खरी म्हणून सांगितलं. भाऊ हसले. म्हणाले, "वजन मी काट्यावर केलंय, दोन्ही साडेअठराच्या आसपास. वीस लिटर ऑइल म्हणजे साडेसतरा किलो आणि बादली एक किलो, ते डुप्लिकेटवाल्यांना पण माहीत आहे, वजनात चोरी करणारा आता कोणी राहिला नाही. रंगावर जाऊ नका, वासावर जाऊ नका. वापरलेलं ऑइल गाळून साफ केलं की बोटाला नव्यासारखंच लागतं. त्यात जे नसतं ते बोटाला कळत नाही, इंजिनाला कळतं."

मग एक गोष्ट सांगितली जी मला नव्याने कळली असं नाही पण इतक्या सरळ कोणी सांगितली नव्हती. तांडेल लोक येऊन तक्रार करतात की तुमचं ऑइल दोन फेऱ्यांत काळं झालं, डुप्लिकेट आहे. भाऊ म्हणाले, डिझेल इंजिनात चांगलं ऑइल काळं होतंच, काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम. भीती तेव्हा, जेव्हा ऑइल बरेच दिवस स्वच्छ दिसतं आणि काजळी आत पिस्टनच्या रिंगांना चिकटून बसते. म्हणजे गिऱ्हाईक ज्याला खोटं समजतं ते खरं असू शकतं आणि ज्याची तारीफ करतं ते खोटं. म्हणून उघडून तपासायच्या नादाला लागायचंच नाही, बाहेरून आणि कागदावरून काय कळतं तेवढंच बघायचं.

मग चष्मा लावला आणि स्टिकर दाखवला. ह्या कंपनीच्या बादलीवर स्कॅन करायचा कोड असतो, खाली बारीक अक्षरात नंबर. भाऊंनी दुपारी तो स्कॅन केला होता, कंपनीचंच पान उघडलं, नाव, बॅच, सगळं बरोबर. "इथेच आपण फसतो," म्हणाले, "पान खरं उघडतं कारण कोड खऱ्या बादलीवरून उचललेला असतो. पण नंबर प्रत्येक बादलीला वेगळा पाहिजे. त्या टेम्पोवाल्याने मला दोन बादल्या सँपल दिल्या होत्या, दोन्हीवर एकच नंबर. शेवटचे आकडे चार चार सात एक."

मी खिशातून फोन काढला आणि पुतण्याला लावला. मागल्या खोलीतल्या बादल्यांवर स्टिकर बघ आणि शेवटचे चार आकडे वाच. तो वाचायला लागला, पहिली चार चार सात एक, दुसरी चार चार सात एक, तिसरी वाचताना तो स्वतःच थांबला आणि म्हणाला, "काका, ह्या सगळ्यांक एकच नंबर कसो?" हॉलमध्ये आजूबाजूच्या चार जणांनी ऐकलं. लपवण्यात अर्थ नव्हता. उठून म्हटलं, भाऊ, माझ्याकडे सहा आहेत.

मला वाटलं आता चारचौघांत ऐकून घ्यावं लागणार. ते एवढंच म्हणाले, "बरां झाला, बसा, तुमचोच उपयोग करूया." आणि मला विचारलं, चलनावर काय लिहिलंय वाच. मी खिशातून काढलं. वर कुठल्यातरी ट्रेडर्सचं नाव, खाली जीएसटी नंबर, आणि माल म्हणून 'लुब ऑइल 6 नग'. ब्रँडचं नाव नाही, बॅच नाही, मालाचा एचएसएन कोड नाही. टॅक्सचा रकानाच नव्हता, ऑइलवर 18 टक्के लागतो हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत. एका पोराने तिथल्या तिथे जीएसटीच्या साईटवर नंबर टाकला, सर्च टॅक्सपेअर, लॉगिन लागत नाही. रजिस्ट्रेशन कॅन्सल झालेलं.

मग भाऊ कायद्याचं बोलले, आणि इथे ते वकिलासारखे नाही, पोळलेल्या माणसासारखे बोलले. ट्रेडमार्कचा कायदा 1999 चा. खोट्या मार्कचा माल विकला किंवा विकायला ठेवला तर 6 महिने ते 3 वर्षं आणि दंड 50,000 ते 2 लाख. 'विकायला ठेवला' हे त्यांनी दोनदा म्हटलं, म्हणजे माझ्या त्या सहा बादल्या. सुटायला वाट आहे पण ती 'साहेब माका म्हायत नाय' एवढ्यावर उघडत नाही. तुम्ही काळजी घेतली होती हे दाखवावं लागतं, संशय यायला कारण नव्हतं हे दाखवावं लागतं, नाहीतर माल कोणाकडून घेतला त्याची सगळी माहिती द्यावी लागते. "ह्या चलनावरून तू कोणाचं नाव सांगणार?" मला विचारलं. सातशे रुपये कमी रेट, वर बिल नाही, म्हणजे संशय यायला कारण नव्हतं असं म्हणायला तोंडच उरत नाही.

एकाने मागून विचारलं की ट्रेडमार्कच्या धाडीला तर डीवायएसपी लागतो, इथे कोण येणार? भाऊंना ते पण माहीत होतं. म्हणाले, ते ट्रेडमार्कचं झालं. पण लेबलवरचं चित्र, डिझाइन हे कॉपीराइटमध्ये येतं, आणि कॉपीराइटमध्ये पीएसआय सुद्धा वॉरंटशिवाय माल उचलू शकतो. कंपनीची माणसं तक्रार तशीच देतात. आणि उचलतात तेव्हा फोटो दुकानाच्या पाटीसकट निघतो.

शेवटी सांगितलं ते अगदी साधं. टेम्पो दारात उभा असतानाच नाही म्हणा. एकदा उतरवून घेतला की तुम्ही मालक. आधी बिल हातात घ्या, त्यावर ब्रँड आणि बॅच लिहिलेली पाहिजे, जीएसटी नंबर फोनवर टाकून बघा, मग दोन बादल्या काढून कोड जुळतायत का बघा. जुळत असतील, म्हणजे दोन्हीवर एकच असेल, तर चलनावर 'माल नाकारला' लिहून, तारीख टाकून, सही करून फोटो काढून ठेवा आणि ग्रुपवर टाका, गाडीचा नंबर पण टाका. "एकट्यान नाय म्हटलात तर तो शेजाऱ्याक देतलो. आख्ख्या बाजारान नाय म्हटला तर डिझेल जाळून परत घाट चढतलो." एवढं बोलून बसले आणि म्हणाले चहा थंड झाला.

स्टॉलचा विषय त्या दिवशी झालाच नाही.

माझ्या सहा बादल्या मी परत करणार होतो पण भाऊंनी अडवलं. परत केल्या तर त्या पुढच्या बंदरावर जाणार. कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरला लेखी कळवलं, बादल्यांवर 'विक्रीसाठी नाही' चिकटवून वेगळ्या ठेवल्या, पोलीस ठाण्यात अर्ज देऊन पोच घेतली. त्या पोराचा फोन दुसऱ्या दिवसापासून बंद.

खरा घोळ वेगळाच. रात्री पुतण्या हळूच म्हणाला की काका, बादल्या सात उतरल्या होत्या, एक मी दुपारीच विकली. कोणाला? वाडीतल्या एका नाखव्याला. दोघे पावसात स्कूटर घेऊन गेलो. माझ्या डोळ्यासमोर त्याचं इंजिन. नशीब, मेकॅनिक सकाळी येणार होता, ऑइल अजून आत गेलं नव्हतं. मी सगळं सांगितलं, अस्सल बादली बदलून देतो म्हटलं, पैसे घेत नाही, फक्त ती बादली दे. नाखवा कोपऱ्यातला निळा कॅन ओढत पुढे आला, त्यात ऑइल ओतून ठेवलेलं.

"आणि बादली?"

"बादली घरकारनीन धुवन घेतल्यान. सुक्या बाजाराक व्हयी होती, झाकणाची बादली खय गावता?"

तेवढ्यात ती आतून आलीच. बादलीत सुके बांगडे, वर घट्ट झाकण, आणि स्टिकर काथ्याने घासून साफ.

भाऊंना फोन केला. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "ऑइल तरी घेवन ये. आणि बांगडे कशे दिल्यान ता इचार."