शाळेच्या दिवशीच दुखणारं पोट

मुलगी चौथीत होती. शाळेच्या दिवशी सकाळी तिचं पोट दुखायचं आणि दहा वाजेपर्यंत थांबायचं. सुट्टीच्या दिवशी त्याचा मागमूसही नसायचा. डॉक्टरांनी तपासलं, पोटात काही निघालं नाही, तेव्हा मी तिला म्हणाले, “नाटकं करू नकोस.” ते माझं चुकलंच. दुखणं खरं होतं. भीतीनेही पोटात कळा येतात.

खरं कारण एका रात्री अंधारात झोपता झोपता निघालं. वर्गात एका मुलाला उलटी झाली होती आणि सगळे हसले होते. आपल्यालाही तसंच झालं तर? समुपदेशकांकडे जाईपर्यंत ती अकरा दिवस घरी होती, आणि त्या अकरा दिवसांनीच भीती वाढवली होती. घरी राहिलं की लगेच बरं वाटतं, मग मन शिकतं की सुटका घरीच आहे.

त्यांनी आधी कोणी त्रास देतंय का, अभ्यास जड जातोय का, हे शाळेकडून नीट विचारून घेतलं. तसं काही नव्हतं. मग पायऱ्या ठरल्या. पहिले दोन दिवस संध्याकाळी रिकाम्या शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन यायचं. मग फक्त चित्रकलेचा तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत. प्रत्येक पायरीआधी ती भीतीला शून्य ते दहामध्ये गुण द्यायची.

चौथ्या दिवशी मी घोळ घातला. चित्रकलेच्या तासाला ती दहाव्या मिनिटाला रडली आणि मी तिला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी फाटकालाच नऊ गुण! समुपदेशक म्हणाल्या, “वेळ हवी तर कमी ठेवा, पण निघायचं ते घड्याळ बघून. रडू बघून नाही.” मग तास वीस मिनिटांवर आणला. आठव्या मिनिटाला ती रडली, बाई तिच्याजवळ बसल्या, विसाव्या मिनिटाला ती रंग भरत होती. त्या दिवशी भीती नऊवरून चारवर आली, आणि ती आपोआप उतरते हे तिने स्वतः पाहिलं. मी कितीही सांगितलं असतं तरी ते पटलं नसतं.

घरी दोन गोष्टी बदलल्या. शाळेच्या वेळेत टीव्ही आणि मोबाईल बंद. आणि “उलटी नाही ना होणार?” याला रोज वीसदा “नाही गं” म्हणायचं नाही. एकदाच सांगायचं, “भीती वाटतेय, कळतंय मला. तुला झेपेल.” हे मला सगळ्यात अवघड गेलं. नवरा फाटकावर सोडायला जाऊ लागला, कारण माझ्या डोळ्यांत पाणी बघून ती जास्त घाबरायची.

पूर्ण दिवस भरायला सहा आठवडे लागले. दिवाळीच्या सुट्टीनंतर पोट पुन्हा दुखलं, तेव्हा दोन पायऱ्या मागे गेलो. या वेळी पाच दिवसांत निभावलं.