ग्रेड 5 टायटॅनियमची हीट ट्रीटमेंट: कार्डावर हार्डनेसचा रकाना, जाडीचा नाही (माझा अनुभव)

बुटीबोरी-हिंगणा भागात पोलादाचा जॉब हीट ट्रीटमेंटला देणं सोपं असतं. कार्डावर मटेरियल लिहायचं, हार्डनेस लिहायचा, केस डेप्थ हवी असेल तर तीही लिहायची. टायटॅनियम नेलं की तेच कार्ड पुढे येतं आणि तिथूनच त्रास सुरू होतो. आमच्या पिनांचं काम ज्या कार्डामुळे अडकलं, त्याचा राग अजून गेलेला नाही. कोणाला टायटॅनियम "हार्ड" करून घ्यायचं असेल तर आधी हे वाचावं.

जॉब असा होता: Ti-6Al-4V, म्हणजे ग्रेड 5, याच्या पिना. 55 मिमीचा बार, तयार दांडा 22 मिमीचा, एका टोकाला बारीक कॉलर. ड्रॉइंगवर सोल्यूशन ट्रीटमेंट आणि एजिंग मागितलेलं, ताणशक्ती किमान 1,030 मेगापास्कल. नुसत्या अ‍ॅनील केलेल्या ग्रेड 5 ची हमी 895 ची असते, म्हणजे वरचं सगळं हीट ट्रीटमेंटनेच मिळवायचं. सप्लायरचं सर्टिफिकेट, कटिंग, चलान यांत काही अडचण आली नाही.

अडलं ते असं. ज्या शॉपने काम घेतलं त्यांनी पूर्ण 55 मिमीचे तुकडे भट्टीत टाकले, पाण्यात बुडवले, एज केले आणि रिपोर्ट दिला: हार्डनेस 38 एचआरसी, ओके. त्याच लॉटच्या तुकड्यातून काढलेला टेन्साइल नमुना 985 वर तुटला. आम्ही विचारलं, तर उत्तर एकच: "साहेब, कार्डावर हार्डनेस लिहिला होता, तो बसलाय." पुढची सगळी ओढाताण याच एका वाक्याभोवती झाली.

हार्डनेसचा आकडा इथे फसवतो. अ‍ॅनील केलेलं ग्रेड 5 साधारण 36 एचआरसीच्या आसपास असतं आणि चांगलं एज झालेलं 41 च्या आसपास. सगळा फरक पाच पॉइंटांचा, त्यात मोजणीतच एक-दोन पॉइंट इकडेतिकडे होतात. शिवाय मोजमाप होतं बाहेरच्या पृष्ठभागावर, जो सगळ्यांत लवकर थंड झालेला असतो. हवेच्या भट्टीत ऑक्सिजन शिरून वर अल्फा केस तयार होते. ती नीट घासून काढली नसेल तर आकडा आणखी चढतो आणि आतल्या मालाबद्दल काहीच सांगत नाही. टायटॅनियमच्या कार्डावर हार्डनेसचा रकाना स्वीकृतीसाठी ठेवूच नये. स्वीकृती टेन्साइलवर, आणि नमुना बारच्या आतल्या भागातून.

985 का आलं? शुद्ध टायटॅनियम 882 अंशांपर्यंत अल्फा असतं, षटकोनी रचनेचं. त्यावर बीटा होतं, घन रचनेचं. अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन अल्फाला धरून ठेवतात आणि हे तापमान वर ढकलतात. व्हॅनेडियम, मॉलिब्डेनम, लोह, क्रोमियम बीटाला धरून ठेवतात आणि ते खाली ओढतात. ग्रेड 5 मध्ये दोन्ही आहेत, त्यामुळे पूर्ण बीटा व्हायला साधारण 995 अंश लागतात. त्या तापमानाला ट्रान्सस म्हणतात.

955 अंशांवर माल अर्धाअधिक बीटा आणि उरलेला अल्फा अशा स्थितीत असतो. व्हॅनेडियम त्या बीटात गोळा झालेलं असतं. पाण्यात झटकन बुडवलं तर बीटाला सावकाश फुटायला वेळच मिळत नाही. तो मार्टेन्साइट होतो किंवा थोडा तसाच अडकून राहतो. पोलादाची सवय असलेल्यांचा इथे गोंधळ होतो, कारण यात कार्बन नाही, म्हणून टायटॅनियमचा मार्टेन्साइट फारसा कडक नसतो. ताकद येते नंतर, 540 अंशांच्या एजिंगमध्ये, तो अडकलेला भाग अगदी बारीक अल्फा आणि बीटात फुटतो तेव्हा. क्वेंच चुकलं की एजिंगला फोडायला काही उरत नाही.

ग्रेड 5 चं क्वेंच चुकायला फार काही लागत नाही. व्हॅनेडियम फक्त 4 टक्के आहे, त्यामुळे बीटाला धीर कमी. थंड होणं जरा रेंगाळलं की आधीच्या अल्फाच्या कडेवर नवा जाड अल्फा चढायला लागतो. त्यात या धातूची उष्णता वाहून नेण्याची क्षमता साध्या पोलादाच्या एक-सप्तमांशाच्या आसपास. जाड बारच्या मध्यातली उष्णता पाणी कितीही ढवळलं तरी लवकर बाहेर येत नाही. म्हणून याच मिश्रधातूत, याच ट्रीटमेंटनंतर, 13 मिमी जाडीला सुमारे 1,105 मेगापास्कल मिळतात, 25 ला 1,070, 50 ला 1,000 आणि 75 ला 930. आमचा 55 मिमीचा बार 985 वर तुटला, यात भट्टीचा काही दोष नव्हता. त्या जाडीला तेवढंच मिळतं. दुसऱ्यांदा भट्टीत घालून, एजिंगचे तास वाढवून किंवा पाण्यात मीठ टाकून ते 1,030 झालं नसतं. पण शॉपने तेच सुचवलं आणि ते नको म्हणून पटवण्यातच सगळ्यांत जास्त वेळ गेला. कार्डावर "क्वेंचच्या वेळची जाडी" असा एक रकाना असता तर बार भट्टीत जायच्या आधीच हे दिसलं असतं.

मार्ग सरळ आहे: आधी रफ मशिनिंग, मग हीट ट्रीटमेंट. दांडा 25 मिमीपर्यंत उतरवला, म्हणजे तयार मापावर प्रत्येक बाजूने दीड मिमी. अल्फा केस काढायला आणि वाकलेलं सरळ करून टर्न करायला एवढं पुरतं. कोपऱ्यांना गोलाई दिली. टेन्साइलसाठी त्याच बारमधला, तोही 25 मिमीपर्यंत उतरवलेला तुकडा त्याच लोडमध्ये, पिनांच्या मधोमध ठेवला. पूर्ण बारचा तुकडा ठेवला तर तो पुन्हा 55 मिमीचंच उत्तर देईल. 955 अंशांवर एक तास, पाणी, मग 540 वर चार तास आणि हवेत थंड. नमुना 1,075 वर तुटला.

क्वेंचमध्ये मुख्य गोष्ट म्हणजे भट्टीचं दार उघडल्यापासून जॉब पाण्यात पूर्ण बुडेपर्यंतचा वेळ. ग्रेड 5 ला सातेक सेकंदांपेक्षा जास्त देऊ नये. टाकी भट्टीच्या तोंडाशीच हवी, बास्केट एका हालचालीत खाली जायला हवी, आणि एक माणूस फक्त स्टॉपवॉच घेऊन उभा हवा. आकडा कार्डावर लिहून घ्यावा. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखालची टाकी सकाळीच कोमट असते, म्हणून लोड पहाटे लावावा आणि पाणी हलतं ठेवावं. पिना उभ्या बुडवाव्यात. आडव्या बुडवल्या की केळ्यासारख्या वाकतात. थोडं वाकलंच तर थंडपणी प्रेसवर ठोकण्यापेक्षा फिक्स्चरमध्ये कसून एजिंगला घालावं. त्या तापमानाला ते हळूहळू सरळ होतं.

दुसऱ्या एका ठिकाणी व्हॅक्यूम भट्टी सुचवली गेली: पृष्ठभाग चकचकीत, अल्फा केस नाही. एजिंगसाठी ती उत्तमच. सोल्यूशनसाठी नाही, कारण तिथे थंड करायला आर्गॉन असतो, आणि वायूचा वेग ग्रेड 5 च्या 25 मिमी दांड्यालाही कमी पडतो. उलट ज्या भट्टीत कार्बुरायझिंगचा वायू चालतो तिथे टायटॅनियम अजिबात घालू नये. त्यातला हायड्रोजन धातू पिऊन घेतो.

तापमानाबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. 955 हा आकडा डोळे मिटून घेऊ नका. ट्रान्सस त्या हीटच्या रसायनावर ठरतो, आणि ऑक्सिजन 0.1 टक्क्याने बदलला तरी तो साधारण 20 अंशांनी हलतो. ऑक्सिजन कमी असलेल्या ग्रेड 23 चा ट्रान्सस म्हणूनच 975 च्या आसपास येतो. सर्टिफिकेटवर ट्रान्सस मागून घ्या आणि सोल्यूशनचं तापमान त्याच्या 30-40 अंश खाली ठेवा. भट्टीचा एखादा कोपरा 20 अंश जास्त तापत असेल तर तोही यात धरा. ट्रान्ससच्या वर गेलं की बीटाचे दाणे भराभर मोठे होतात, लांबण्याची क्षमता पडते, आणि नुसत्या हीट ट्रीटमेंटने ते मागे फिरवता येत नाही. पुन्हा फोर्जिंग लागतं. सर्टिफिकेटवर आकडा नसेल तर बारच्या चकत्या 10-10 अंशांच्या फरकाने तापवून पाण्यात टाका, पॉलिश आणि एच करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. ज्या तापमानाला मूळ अल्फाचे गोल दाणे नाहीसे होतात तो ट्रान्सस.

रफ मशिनिंग करून जाडी उतरवणं शक्य नसेल, म्हणजे तयार भागच 60-70 मिमीचा असेल, तर कुटुंब बदलावं लागतं. अल्फाकडे जाऊन उपयोग नाही. ग्रेड 2 किंवा Ti-5Al-2.5Sn यांत बीटा धरून ठेवणारं जवळजवळ काही नाही, त्यामुळे ते अ‍ॅनील होतात, स्ट्रेस रिलीव्ह होतात, पण एजिंगने वाढत नाहीत. जायचं ते बीटाकडे. किती, याचा अंदाज मॉलिब्डेनम तुल्यांकाने येतो: व्हॅनेडियमच्या टक्क्याला 0.67 ने गुणा, लोहाला 2.9 ने, बेरीज करा, अ‍ॅल्युमिनियम वजा करा. साधारण 10 आले की क्वेंचमध्ये पूर्ण बीटा टिकतो. ग्रेड 5 मध्ये 0.2 टक्के लोह धरून 2.7 अधिक 0.6 वजा 6, म्हणजे शून्याच्याही खाली. Ti-10V-2Fe-3Al मध्ये 6.7 अधिक 5.8 वजा 3, म्हणजे 9.5. हाच मिश्रधातू 75 मिमी जाडीलाही सुमारे 1,240 मेगापास्कल देतो. पण त्यातलं लोह इनगॉट गोठताना जागोजागी गोळा होतं, आणि अशा जागी ट्रान्सस खाली येऊन बीटाचे ठिपके उरतात. म्हणून त्याचा सप्लायर पारखून घ्यावा.

राहिली अल्फा केस. ती टर्निंगमध्येच काढा. काही जण हायड्रोफ्लोरिक-नायट्रिकच्या पिकलिंगने काढून देतो म्हणतात. त्यात नायट्रिक हायड्रोफ्लोरिकच्या दहापट तरी नसेल तर हायड्रोजन आत शिरतो, आणि ग्रेड 5 ची मर्यादा 0.015 टक्के आहे. ती ओलांडली तर हायड्रोजन काढायला 700 अंशांच्या आसपास व्हॅक्यूममध्ये धरावं लागतं. ते तापमान एजिंगच्या कितीतरी वर आहे, त्यामुळे मिळवलेले 1,075 जातात आणि तयार मापाची पिन पुन्हा 955 वर घालायची वेळ येते, तीही अंगावर काढायला माल शिल्लक नसताना.