गाळलेल्या जागा

शाळेतल्या ‘गाळलेल्या जागा भरा’मध्ये एक सोय होती. एक जागा चुकली तर तिचं पाप तिच्यापुरतंच. रिग्रेशन म्हणजे कारणं बदलली की परिणाम किती बदलतो याचा हिशोब; परीक्षेत येणाऱ्या त्याच्या अर्धवट छापलेल्या तक्त्यात ही सोय नाही; तिथे एक घर बिघडलं की शेजारीपाजारीही बिघडतात.

समजा, एका रसवंतीचे २५ दिवसांचे आकडे आहेत. विक्री डझन ग्लासांत, आणि कारणं दोन: ग्लासाचा भाव आणि दिवसाचं तापमान. भावाच्या ओळीत स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाजातली अनिश्चितता, ०.४० आणि टी −३.५० छापलेत; कोएफिशंट, म्हणजे तापमान तेच असताना भाव एकाने वाढला की विक्री किती बदलते तो उतार, गायब. तापमानाच्या ओळीत कोएफिशंट ०.९० आणि टी १.८०, पण स्टँडर्ड एरर गायब. नियम एकच: कोएफिशंटला स्टँडर्ड एररने भागलं की टी. म्हणून भावाचा कोएफिशंट −१.४०, आणि तापमानाचा स्टँडर्ड एरर ०.५०.

इथे घात होतो तो उणे चिन्हाचा. पुसट झेरॉक्समध्ये ते पहिलं नाहीसं होतं, आणि मग भाव वाढला की रस जास्त खपतो असं उत्तर येतं. स्टँडर्ड एरर कधीच उणा नसतो, त्यामुळे कोएफिशंट आणि टी यांचं चिन्ह सारखंच हवं. भागाकारातून स्टँडर्ड एरर उणा आला, तर कुठेतरी चिन्ह सांडलंय एवढं नक्की.

डिग्रीज ऑफ फ्रीडम म्हणजे निरीक्षणांच्या संख्येतून अंदाजलेल्या आकड्यांची संख्या वजा करून उरतं ते; हे घर मात्र सगळ्यात आधी भरावं. २५ मधून २ वजा करून २३ लिहिणारे पुष्कळ. एकाच कारणाच्या रिग्रेशनची ती सवय. तिथे एक उतार आणि एक स्थिरांक मिळून दोन होतात. इथे उतारच दोन आहेत, स्थिरांक धरून तीन, म्हणून २२. टी-टेबलात दोन्ही बाजू धरून पाच टक्क्यांसाठी २२ ची ओळ २.०७४ देते आणि २३ ची २.०६९, म्हणून चूक खपून जाते. पण खाली अनोव्हात, म्हणजे विक्रीतल्या चढउताराची वाटणी दाखवणाऱ्या तक्त्यात, ती उघडी पडते. रेसिड्युअलची, म्हणजे प्रत्यक्ष आणि अंदाजित विक्रीतल्या फरकांची, वर्गबेरीज १७६ असेल, तर २२ ने भागून नेमके ८ येतात. २३ ने ७.६५, आणि मग त्याच आकड्याने भागून येणारा एफही चुकतो.

छापलेला टी ‘उतार शून्य आहे’ या गृहीतकापुरताच असतो, हेही विसरलं जातं. प्रश्नात ‘भावाचा उतार −१ आहे का?’ असं विचारलं, तर −३.५० चा काही उपयोग नाही. −१.४० मधून −१ वजा करायचा, उरलेल्या −०.४० ला ०.४० ने भागायचं. टी फक्त −१.

राहिलं तापमानाचं पी-व्हॅल्यूचं घर, म्हणजे उतार खरोखर शून्य असता तर इतका किंवा याहून टोकाचा टी येण्याची शक्यता. २२ च्या ओळीत १.८० हा १.७१७ आणि २.०७४ च्या मध्ये बसतो, म्हणजे दोन्ही बाजू धरून पी ०.०५ ते ०.१० च्या दरम्यान. हातातल्या टेबलावरून याहून नेमकं लिहिता येत नाही, तेव्हा तेवढंच लिहावं. पाच टक्क्यांच्या कसोटीवर ऊन नापास. रसवाल्याला हे कोण सांगणार?