आयेचं गोंदण कुठे गेलं?

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी आरती झाली आणि डोंबिवलीहून आलेल्या आर्याने, म्हणजे माझ्या पुतणीने, आजीच्या गालाला गाल लावून सेल्फी काढला. मागे गणपती, वर माटवी, तिला टांगलेल्या काकड्या, कवंडळं, नारळ. फोटो छान आला म्हणून तिने फोन आजीपुढे धरला. आये बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ही आमची इंदू मां गो? ती जावन धा वर्सां झाली!"

इंदू म्हणजे आयेची धाकटी बहीण. आम्ही सगळे हसलो, आये सोडून. ती बोटाने फोन खरवडत विचारत होती, "माझां गोंदण खंय गेलां?"

मीही चष्मा चढवून पाहिलं. आयेच्या कपाळावर भुवयांच्या मधोमध सत्तर वर्षांपूर्वीचं हिरवट गोंदण आहे, तीन टिंबं. फोटोत ती नव्हती. त्यांच्या वरचं कुंकू मात्र जागच्या जागी, पूर्वीपेक्षा लालभडक. आणखी एक गंमत दिसली. आर्याच्या जबड्याशेजारून जाणारी माटवीची लाकडी पट्टी, जी आमच्या सुताराने नाकासमोर सरळ तासलेली आहे, ती फोटोत आत वाकली होती. आर्याचा गाल आत ढकलताना शेजारचं लाकूडही ओढलं गेलं होतं. फोटोला फिल्टर लागलाय का हे ओळखायचं असेल तर चेहऱ्याकडे बघत बसू नये. त्याच्या लगतची चौकट, फरशीची रेघ, खिडकीचा गज बघावा. नवे फिल्टर हे वाकणंही बऱ्यापैकी लपवतात, पण हा तिचा फुकटातला होता.

फोटोच्या बाबतीत मी जरा चिकित्सक आहे, कारण वेंगुर्ल्याच्या बाजारात आमच्या अण्णांचा स्टुडिओ होता. लग्नाच्या मुलींचे फोटो तेही 'करून' द्यायचे. खिडकीशी एक तिरकं डेस्क, त्यात घासलेली काच, खाली आरसा. आरशातून उजेड वर यायचा आणि काचेवर ठेवलेली निगेटिव्ह उजळायची. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. मुलीच्या गालावरची काळी पुळी तिथे पारदर्शक ठिपका होऊन बसलेली असते. अण्णा आधी तिथे रिटचिंगचं औषध चोळायचे, म्हणजे शिसं धरायला खरखरीतपणा यायचा. मग पॉलिश पेपरवर सुईसारखी टोकवलेली कडक पेन्सिल घेऊन त्या पारदर्शक जागेत स्वल्पविरामाएवढे फटकारे मारून ती भरायचे. जागा भरली की उजेड तेवढा अडतो आणि कागदावर पुळी नाहीशी होते.

पेन्सिल उचलण्यापूर्वी मात्र अण्णा एक प्रश्न हमखास विचारायचे, "हा डाग आठवड्याचा की जन्माचा?" आठवड्याचा असला तर घालवायचे. तीळ, व्रण, गोंदण यांना हात लावायचे नाहीत. मुलगी आली आणि डाग दिसला तर सासरचे मलाच विचारतील, असं त्यांचं म्हणणं. (रंग मात्र प्रिंट करताना एका शेडने उजळ करायचे, ते सांगितलं नाही तर अण्णांचीच गोष्ट मी फिल्टर लावून सांगितल्यासारखी होईल.)

फिल्टर हे विचारत नाही. तो आधी चेहऱ्यावर खुणा शोधतो, डोळ्यांचे कोपरे, ओठांची कड, हनुवटी. गूगलच्या एका प्रसिद्ध पद्धतीत अशा ४६८ खुणा आहेत. त्या जोडल्या की चेहऱ्यावर जाळं पसरतं, आपल्याकडे पाण्यात पाग पसरतो तसं, आणि ते जाळं हवं तिथे ओढलं की डोळे मोठे होतात, जबडा निमुळता होतो. मग त्वचा. तिथे प्रत्येक ठिपक्याचा रंग शेजारच्या ठिपक्यांत मिसळून सारखा केला जातो, पण शेजाऱ्याशी फारच फरक असला तर ती कड समजून सोडली जाते. म्हणून भुवई राहते, कुंकू राहतं. आयेचं गोंदण उन्हापावसाने इतकं फिकं झालंय की त्याची गणना सुरकुत्यांत झाली.

आर्याचं दुखणं वेगळंच निघालं. रात्री मोदकांचं सारण ढवळताना म्हणाली, "काका, फिल्टर काढला ना की माझं नाक किती फेंदारलेलं दिसतं!" तिचं नाक आमच्या घराण्याचं आहे, साधंसुधं. मी तिला खळ्यात उभी केली, पाच फूट मागे गेलो आणि मागच्या कॅमेऱ्याने झूम करून फोटो काढला. तिच्या सेल्फीशेजारी ठेवला. दोन वेगळ्या मुली वाटाव्यात इतका फरक.

याचं गणित पाटीवर मांडता येतं. सेल्फीसाठी जवळ धरलेला फोन नाकाच्या शेंड्यापासून साधारण ३० सेंटिमीटरवर असतो आणि कान त्याच्या १२ सेंटिमीटर मागे, म्हणजे ४२ वर. त्यामुळे कानांच्या मानाने नाक १.४ पट मोठं उमटतं. दीडशे सेंटिमीटरवरून तेच प्रमाण १६२ ला १५०, म्हणजे १.०८. सेल्फीतलं नाक पाच फुटांवरच्या फोटोच्या मानाने तीसेक टक्के फुगलं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये हेच मांडलं आणि आकडाही साधारण एवढाच काढला, कारण सेल्फी दाखवून नाक बारीक करून मागणारे लोक त्यांच्याकडे यायला लागले होते. थोडक्यात, फोनच आधी नाक फुगवतो आणि मग फोनच ते बारीक करून देतो.

"पण आरशातपण रुंदच दिसतं," आर्या म्हणाली. इथे मात्र दोष अंतराचा नाही, डोळ्यांच्या सवयीचा. मायकेल वेबस्टर आणि ओटो मॅक्लिन या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये लोकांना काही मिनिटं दाबलेले, ताणलेले चेहरे दाखवले आणि मग साधा चेहरा दाखवला. दाबलेले चेहरे पाहणाऱ्यांना साधा चेहरा फुगलेला वाटला, ताणलेले पाहणाऱ्यांना दबलेला. मोदक खाऊन लगेच चहा घेतला तर साखर असूनही तो फिका लागतो, तसंच. थोड्या वेळाने ते उतरतं. पण दिवसभर अंगठा सरकवत बारीक जबड्यांचे चेहरे बघणाऱ्याला उतरायला वेळ कुठे मिळतो? आमच्या शेजारचा मुलगा परवा कांदेपोहे खाऊन आला आणि म्हणाला, मुलगी फोटोपेक्षा 'जाड चेहऱ्याची' आहे. मी तो फोटो पाहिला होता. मुलीमागच्या दाराची चौकट कमरेतून लचकली होती.

आर्याने फिल्टरवाला फोटो स्टेटसला ठेवलाच. खळ्यातला मात्र आजीबरोबर पुन्हा काढायला लावला आणि फ्रेमसाठी तोच निवडला. मग हळूच म्हणाली, "काका, हनुवटीवरची ही एकच पुळी. आठवड्याचीच आहे. अण्णाआजोबांची पेन्सिल असेल ना अजून?"

माळ्यावर पत्र्याचा डबा सापडला. पॉलिश पेपरला दमट हवेने बुरशी आलेली, औषधाची बाटली सुकून खडखडीत, आणि पेन्सिलीचे दोन तुकडे, बोटभर. टोक अजून तसंच होतं.

आता निगेटिव्ह कुठून आणू?