मेलवरची ओळख

म्हापशातल्या माझ्या एका आर्किटेक्ट मैत्रिणीला जुन्या चिऱ्याच्या घराचं काम मिळालंय. भिंतीला मोठी भेग आहे. फोंड्याचे एक स्ट्रक्चरल इंजिनिअर अशीच घरं बघतात. आज दोघांची मेलवर गाठ घालून दिली.

थेट दोघांना एकाच मेलमध्ये घेतलं असतं तर सरांची पंचाईत झाली असती, नाही म्हणायचं तर तिच्यासमोरच. म्हणून आधी त्यांना एकट्यांना विचारलं. काम काय आहे ते सांगितलं आणि लिहिलं, 'जमत नसेल तर मलाच कळवा, तिला तुमचं नाव सांगितलेलं नाही.' होकार आला, पण वेळ सोमवारनंतरच. मगच एकत्र मेल.

विषयात दोघांची नावं आणि 'चिऱ्याच्या भिंतीची भेग'. आत प्रत्येकाबद्दल दोनच वाक्यं. (आपल्याकडे लगेच सत्कार समारंभाचं निवेदन सुरू होतं!) शेवटी स्पष्ट लिहिलं, 'आधी ती भेगेचे फोटो पाठवेल, सर सोमवारनंतर वेळ कळवतील.' गरज तिची, तर पहिली मेलही तिचीच. हे लिहिलं नाही की दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात.

दुपारी तिचं उत्तर गेलं, मला बीसीसीत टाकून. आता सरांनी सगळ्यांना उत्तर दिलं तरी फीची घासाघीस माझ्या इनबॉक्समध्ये येणार नाही. सुटले बाई!