आमची वाटचाल: उडी आणि चाल

२०१७ साली आम्ही तिघांनी पुण्यात दोन खोल्यांत काम सुरू केलं, तेव्हा आमच्याकडे एक एचटीसी व्हाइव्ह हेडसेट, एक दणकट कॉम्प्युटर आणि एक कल्पना होती. रात्रीच्या अंधारात हातात मशाल घेऊन गड चढायचा, पहारेकऱ्यांच्या नजरेतून सुटायचं आणि चोरदरवाजा शोधायचा, असा व्हीआर गेम, म्हणजे हेडसेट लावून आभासी जगात शिरून खेळायचा गेम, आम्हाला करायचा होता. गड काल्पनिक होता, पण तटबंदी, बुरूज आणि पायऱ्या आम्ही सह्याद्रीतल्या गडांवर फिरून, मापं घेऊन उभ्या केल्या होत्या. या गेमनं आम्हाला जे शिकवलं त्यातलं निम्मं एकाच प्रश्नाभोवती फिरतं: खेळणाऱ्याला एका जागेवरून दुसऱ्या जागेवर न्यायचं कसं?

आमच्या ऑफिसात याला दोन साधे शब्द आहेत, उडी आणि चाल. उडी म्हणजे टेलिपोर्ट. हातातल्या कंट्रोलरमधून एक कमान निघते, ती जमिनीवर जिथे टेकते तिथे गोल दिसतो, बटण सोडलं की क्षणभर अंधार होतो आणि तुम्ही त्या गोलात उभे असता. चाल म्हणजे स्मूथ लोकोमोशन. अंगठ्यानं पुढे ढकललं की कॉम्प्युटरवरच्या नेहमीच्या गेमसारखं दृश्य सरकत राहतं. आम्ही अर्थातच चाल निवडली. गड चढायचा तर चालूनच चढणार, असं आम्हाला ठामपणे वाटत होतं.

पहिल्या प्रदर्शनात एक काका हौसेनं खेळायला बसले. महादरवाजापर्यंत ते बोलत होते, विचारत होते, मग एकदम गप्प झाले. मान वळवायची थांबली, हात मांडीवर आला. आम्हाला वाटलं, रंगलेत. मिनिटभरात त्यांनी हेडसेट काढला तेव्हा चेहरा पांढरा पडला होता आणि कपाळावर घाम होता. पुढचा अर्धा तास ते खुर्चीवर बसून होते, आणि मी पाण्याची बाटली घेऊन त्यांच्याशेजारी. त्यांना झालेला त्रास माझ्या मनातून अजून गेलेला नाही. गप्प होणं, मान ताठ धरणं आणि सारखा आवंढा गिळणं ही मळमळीची पहिली लक्षणं आहेत, हे आम्ही तिथे शिकलो. खेळणारा ‘त्रास होतोय’ म्हणेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो.

घरी आल्यावर मी आईला हेडसेट लावून बसवलं. तिला घाटात हमखास गाडी लागते.

“आई, काय होतंय ते सांगत राहा.”

“अरे, वरंधा घाटात होतं तस्संच होतंय. थांबव बाबा.”

तिच्या या वाक्यानं आम्हाला वाट दाखवली. गाडी लागते तेव्हा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला वळणं आणि धक्के कळत असतात, पण गाडीत पुस्तक वाचणाऱ्या डोळ्यांना सगळं स्थिर दिसत असतं. व्हीआरमध्ये याच्या बरोबर उलट घडतं. डोळे सांगतात की आपण चाललोय, कान सांगतो की आपण खुर्चीवर बसलोय. दोघांचं जुळत नाही आणि पोट ढवळायला लागतं. शेजारची रेल्वे हलली की आपलीच हलल्यासारखी वाटते, तोच हा भास, फक्त डोळ्यांपुढे सगळीकडे पसरलेला. इंग्रजीत याला वेक्शन म्हणतात.

उडीत हा भासच तयार होत नाही. आधी एक जागा, मग अंधार, मग दुसरी जागा. मधली सरकणारी भिंत डोळ्यांनी पाहिलेलीच नसते, त्यामुळे कानाला विरोध करायला काही उरत नाही. आम्ही अंधार व्हायला सेकंदाचा दहावा भाग आणि उजेड यायला तेवढाच वेळ ठेवला. आई त्या आवृत्तीत वीस मिनिटं आरामात खेळली.

पण उडीनं गड मोडला. पहारेकरी बुरुजावरून वळून पाहीपर्यंत खेळणारा त्याच्या पाठीमागे पोचलेला असायचा, आणि लपण्यातली सगळी धाकधूक गेली. त्याहून मोठी अडचण दिशेची होती. खेळ संपल्यावर आम्ही प्रत्येकाला डोळे मिटून महादरवाजाच्या दिशेनं बोट दाखवायला सांगायचो. चालीनं खेळलेले बहुतेक जण बरोबर दाखवायचे. उडीनं खेळलेल्यांची बोटं भलतीकडेच जायची. मधलं अंतर आणि वळणं न पाहता पोचलेल्या माणसाच्या डोक्यात नकाशा तयार होत नाही. हा काही आमचा शोध नव्हे. संशोधक डग बोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्येच दाखवलं होतं की आभासी जगात एकदम दुसरीकडे नेलं की माणूस दिशा हरवतो. चोरदरवाजा शोधण्याच्या खेळात दिशा हरवणं म्हणजे खेळच हरवणं.

मग आम्ही उडीला आखूड केलं. एका उडीत चार मीटरच जाता येतं, आणि उडी मारली की तेवढ्या अंतराच्या पावलांचा आवाज पहारेकऱ्याच्या कानावर जातो. वाकून उडी मारली तर आवाज कमी. धाकधूक परत आली. दिशेसाठी अंधाराऐवजी झटक्यात सरकणारी उडी ठेवून पाहिली, सेकंदाच्या पाचव्या भागात नव्या जागी. व्हॉल्व्ह कंपनीच्या २०२० च्या हाफ-लाइफ: ॲलिक्स या व्हीआर गेममध्ये ‘ब्लिंक’ आणि ‘शिफ्ट’ असे हेच दोन प्रकार चालीच्या जोडीला दिले आहेत. ते पाहून आम्हाला धीर आला, कारण एवढ्या मोठ्या गेमनंही एकच उत्तर निवडलेलं नव्हतं.

तरीही मला चाल सोडायची नव्हती. मशालीच्या उजेडात तट हळूहळू मागे सरकताना जे वाटतं, ते उडीत मिळत नाही. म्हणून वर्षभर आम्ही चालीवरच काम केलं, आणि आमच्या सगळ्यात मोठ्या चुका तिथेच सापडल्या.

पहिली चूक वेगाची होती. अंगठा ढकलला की वेग सेकंदभरात हळूहळू वाढायचा आणि सोडला की हळूहळू उतरायचा. पडद्यावर ते सुंदर दिसायचं. हेडसेटमध्ये त्यानंच जास्त त्रास व्हायचा. कानाला एकसारखा वेग कळतच नाही, त्याला वेगातला बदल कळतो. म्हणजे एकसारख्या वेगानं सरकताना डोळे आणि कान यांचं भांडण फार नसतं, पण वेग वाढत किंवा उतरत असताना कानाला काहीतरी जाणवायला हवं असतं आणि जाणवत नाही. तो सेकंद आम्ही स्वतःच्या हातानं लांबवला होता. आता अंगठा ढकलला की लगेच १.४ मीटर प्रति सेकंद, माणसाच्या साध्या चालण्याएवढा, आणि सोडला की लगेच शून्य. पाहायला ओबडधोबड, पोटाला बरं.

दुसरी चूक भिंतींची. तटाच्या आतून जाणारी एक अरुंद वाट होती, तिथे जवळजवळ प्रत्येक जण कासावीस व्हायचा. भिंत एक मीटरवर असेल तर त्या चालीनं ती नजरेच्या कडेला सेकंदाला साधारण ८० अंशांनी मागे पळते. तीच दहा मीटरवर असेल तर ८ अंशांनी. नजरेच्या कडांना ही पळापळ फार जाणवते. आम्ही वाट रुंद केली, भिंतीवरचा दगडांचा नक्षीदार पोत मऊ केला, आणि चालताना कडा हळूच काळ्या होतील अशी सोय केली. नजरेचा घेर असा आकुंचित केल्यावर त्रास कमी होतो, हे कोलंबिया विद्यापीठात फर्नांडिस आणि फायनर यांनी २०१६ मध्ये दाखवलंय. त्यांच्या प्रयोगात तो घेर इतक्या हळुवारपणे बदलायचा की अनेकांच्या लक्षातही आलं नाही. आमच्याकडे तो प्रथम फटकन मिटायचा आणि सगळ्यांना खुपायचा. मिटण्याचा वेळ वाढवला तेव्हा तक्रारी थांबल्या.

अंगठ्यानं गर्रकन वळणं तर आम्ही सरळ काढूनच टाकलं. आता अंगठ्याच्या एका टिचकीत ३० अंश वळायचं, मधलं काही दिसत नाही. ज्याला सावकाश वळायचं असेल त्यानं स्वतः खुर्चीवर फिरावं, कारण मग कानही वळतो.

आणि मग पायऱ्या. गडाच्या पायऱ्या आम्ही खऱ्या केल्या होत्या, साधारण तीस सेंटिमीटर रुंदीच्या. १.४ मीटरच्या वेगात सेकंदाला साडेचारहून जास्त पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर कॅमेरा गचकन वर. शरीर शांत, डोळ्यांना मात्र बैलगाडीतले धक्के. आम्ही पायऱ्यांखाली न दिसणारा उतार टाकला, धक्के गेले. त्रास अर्धाच गेला, कारण पायऱ्यांच्या कडांच्या आडव्या रेघा नजरेसमोरून सरकतच होत्या. मशालीचा उजेड मऊ करून त्या रेघा पुसट केल्या, चढणीवर वेग एक मीटरवर आणला. उतरताना तरीही आई म्हणाली, “इथे नको रे.” शेवटी चालीत खेळणाऱ्यालाही पायऱ्यांवर टप्प्याटप्प्यानं उडी मारायची मुभा दिली. चाल निवडलेल्यांतले पुष्कळ जण तिथे आपोआप उडी मारतात आणि वरच्या चौथऱ्यावर पोचले की परत चालायला लागतात.

या सगळ्याला फ्रेमरेटची, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याची, साथ हवी. ९० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ९० चित्रं असताना, एका फ्रेमला ११ मिलिसेकंदांच्या आसपास मिळतात. उडीत एखादी फ्रेम चुकली तर कुणाला कळत नाही, चालीत ती लगेच डोळ्यांना अडखळवते. प्रत्येक मशालीचा उजेड काढायला कॉम्प्युटरला वेळ लागतो, म्हणून चालीच्या वाटेवर आम्ही मशाली मोजून लावतो.

आज गेम सुरू झाला की पहिल्यांदा उडी समोर येते आणि चाल मेनूत असते. ज्यांना सवय झालीय ते पहिल्या मिनिटात चालीवर जातात. सवय खरंच होते, पण रोज थोडं खेळून आणि पहिल्या लक्षणाला थांबून. दात-ओठ खाऊन रेटलं तर उलटंच होतं. मग नुसता हेडसेट पाहिला तरी मळमळतं. आमच्या स्टॉलवर आता खुर्चीशेजारी एक मुलगी फक्त खेळणाऱ्याकडे पाहत उभी असते, पडद्याकडे नाही. मान थांबली की ती खांद्यावर हात ठेवते, “काका, जरा डोळे मिटा आणि हेडसेट काढूया.” आणि ज्यांना त्रास झालाय त्यांना आम्ही लगेच गाडी चालवू देत नाही, कारण डोकं जड राहणं कधीकधी काही तास टिकतं. त्यांच्यासाठी स्टॉलमागे दोन खुर्च्या आणि पंखा असतो.