तीन सुताचा नट

बाबांच्या गुडघ्यांनी उभे राहणे नाकारले तेव्हा ठाण्यातील आमचे हार्डवेअरचे दुकान माझ्याकडे आले, आणि मी सर्वांत आधी जे काम केले तेच सर्वांत चुकीचे ठरले. नटबोल्टांच्या डब्यांवर बाबांनी ऑइल पेंटने ‘२ सूत’, ‘३ सूत’, ‘४ सूत’ असे लिहिलेले होते आणि शेजारी एमएमच्या मापांचे वेगळे डबे होते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. एकाच मालाची दोन नावे असली की मला हिशेबात घोळ दिसतो. शिवाय देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ सालीच झालेला असताना सुताचे लाड कशासाठी करायचे, असाही माझा मुद्दा होता.

भिंतीवर बाबांच्याच हातचा सळयांचा तक्ता होता : अडीच सूत म्हणजे ८, तीन सूत म्हणजे १०, चार सूत म्हणजे १२, पाच सूत म्हणजे १६ एमएम. गवंडी आजही ‘तीन सुताची सळई’ मागतो आणि १० एमएमची घेऊन समाधानाने जातो. तोच तक्ता मी नटांना लावला, तीन सुताचे नट १० एमएमच्या डब्यात ओतले आणि संगणकावर छापलेली नवी चिठ्ठी चिकटवली. गल्ल्याशेजारी सुतळीला टांगलेला एक जुना बोल्टही अडगळ समजून काढून टाकला.

पंधरा दिवसांनी आमच्या गल्लीतील गिरणीवाले काका आले. पिठाच्या गिरणीची मोटार ज्या बोल्टांवर बसते ते जमिनीत पुरलेले, त्यांच्याही वडिलांच्या काळातले होते. त्यांना फक्त नट हवे होते. ‘तीन सुताचे चार दे’, म्हणाले. मी चार नट दिले. संध्याकाळी ते परत आले, कारण एक नट नीट बसला होता, पण तीन नट सुरुवातीला ढिले वाटून चार फेऱ्यांनंतर अडत होते. गंज असेल, तेल सोडून पाना लावा, असा सल्ला मी दिला, आणि तो देताना माझा आवाज हुबेहूब बाबांसारखा झाला होता, हे मला अजून आठवते. तिसऱ्या दिवशी गिरणी थडथडू लागली. ते तीनही नट सुटत आले होते आणि एका बोल्टाचे आटे पार मेले होते.

त्या वेळी दुकानात वागळे इस्टेटमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले एक आजोबा वॉशर निवडत होते. त्यांनी सुटलेला नट हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “अरे, हा नट तीन सुताचा नाहीच. तीन सुताचा आणि दहा एमएमचा, असे दोन बोल्ट आण.” दोन्ही बोल्ट त्यांनी एकमेकांना लावून, आट्यांत आटे बसवून, ट्यूबलाइटसमोर धरले. पहिले दोन-तीन आटे एकमेकांत बसले, पुढे मात्र फटीतून उजेड दिसू लागला आणि दहाव्या आट्यापाशी एकाचा दात जवळजवळ दुसऱ्याच्या दातावर चढला.

एका इंचात ८ सूत असतात, म्हणून तीन सुताचा बोल्ट साडेनऊ एमएमचा भरतो. जाडीतला हा अर्ध्या एमएमचा फरक सळईला चालतो, कारण सळईला आटे नसतात. तीन सुताच्या बोल्टावर मात्र इंचाला १६ आटे असतात, म्हणजे दोन आट्यांतले अंतर १.५९ एमएम होते, तर १० एमएमच्या नेहमीच्या बोल्टावर ते दीड एमएम असते. नटाचे भोक मोठे असल्यामुळे तो आधी ढिला चालतो आणि थोड्याच फेऱ्यांत अंतराचा फरक साचून अडतो. पान्याने रेटला तर घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण सगळा भार एक-दोन आट्यांवरच येतो, आणि मोटारीच्या थरथरीपुढे तेवढे आटे टिकत नाहीत.

“नट हाताने शेवटपर्यंत फिरायला हवा,” आजोबा म्हणाले. “पाना फक्त शेवटच्या आवळणीला. मध्येच पाना लागला तर जोडी चुकली, किंवा आटे खराब झाले. तुझे बाबा त्यासाठीच तर बोल्ट टांगून ठेवायचे. कुठे गेला तो?”

तो भंगाराच्या पोत्यात सापडला. गिरणीवाल्या काकांना मी योग्य नट बिनपैशांनी दिले. मेलेल्या बोल्टाचे आटे आजोबांनी स्वतः जाऊन डायने पुन्हा काढून दिले आणि माझ्याकडून फक्त चहा घेतला. पुढचे तीन दिवस शटर अर्धे खाली ओढून मी त्या डब्यातला एकेक नट टांगलेल्या बोल्टावर फिरवून पाहत होतो. बाबा घरून फोन करून किती झाले ते विचारत होते. ओरडत नव्हते, हे जास्त लागत होते. शेवटी मूठभर नट असे उरले की ते ना इकडे नीट बसत होते, ना तिकडे. त्यांच्यासाठी मी तिसरा डबा केला आणि त्यावर, या वेळी ऑइल पेंटनेच, ‘विकू नये’ असे लिहिले.